पहाटे पाचची चार युनिटं आणि दहावा किलोमीटर

पत्र

डॉक्टर, मी ३२ वर्षांची आहे, पुण्यात राहते. टाइप १ मधुमेहाला १४ वर्षं झाली. रात्री दहाला दिवसभर चालणारं इन्सुलिन ग्लार्जिन १८ युनिट आणि जेवणाआधी लवकर काम करणारं अ‍ॅस्पार्ट घेते. सप्टेंबरमधल्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. रविवारी १६ किलोमीटर धावते, साधारण आठ मिनिटांना एक किलोमीटर. पाचला वाटीभर पोहे आणि चार युनिट, साडेपाचला सुरुवात. निघताना शुगर १४० च्या आसपास असते, पण नऊ-दहा किलोमीटरला हात थरथरायला लागतात. मागच्या वेळी ६२ होती. बिस्किटं खाल्ली, कशीबशी घरी आले तर २४०! आणि त्याच रात्री तीनला घामानं जाग आली तेव्हा ५८. ग्रुपमधले म्हणतात, आधी जास्त खा. आई म्हणते, धावणंच सोड. माझे डॉक्टर म्हणाले, "काळजी घ्या." म्हणजे नक्की काय करू?

— एक धावपटू, कोथरूड

उत्तर

पत्र वाचताना माझी नजर पहाटे पाचच्या चार युनिटांवर अडकली. तुमचा सगळा रविवार तिथे ठरतो, रात्रीच्या तीनपर्यंत.

मधुमेह नसलेला माणूस धावायला लागला की काही मिनिटांत त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं, स्नायू ती ओढून घेत राहतात आणि हिशेब जुळतो. तुमच्या शरीरातलं इन्सुलिन मात्र टोचलेलं आहे. ते तुम्ही धावताय म्हणून कमी होणार नाही. अ‍ॅस्पार्टचा जोर टोचल्यानंतर साधारण एक ते दीड तासात सर्वात जास्त असतो आणि एकूण परिणाम चार-पाच तास टिकतो. पाचला घेतलेलं इन्सुलिन सहा ते साडेसहाच्या दरम्यान भरात येतं. तेव्हा तुम्ही चौथ्या ते आठव्या किलोमीटरवर असता. त्यात आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात, आणि रक्तातलं जास्तीचं इन्सुलिन यकृताला साखर सोडू देत नाही. नवव्या-दहाव्या किलोमीटरला हात थरथरणं हा या गणिताचा सरळ निकाल आहे.

म्हणून "आधी जास्त खा" हा सल्ला तुमच्यापुरता चुकीचा. जास्त खाल तर त्याला पुरेल एवढं जास्त इन्सुलिन घ्याल आणि पुन्हा तेच होईल. बदल सुईतल्या डोसात करायचा आहे.

जेवणानंतर दीड तासाच्या आत मध्यम वेगानं तासभर किंवा जास्त धावायचं असेल तर त्या जेवणाचं इन्सुलिन साधारण ७५ टक्के कमी करून सुरुवात करावी, असं टाइप १ आणि व्यायामाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. म्हणजे तुमच्या चारचं एक युनिट. एकदम चारवरून एकवर यायला भीती वाटेल, कारण निघताना शुगर १४० ऐवजी १७०-१८० दिसेल. दिसू द्या. ती मुद्दाम ठेवलेली शिल्लक आहे आणि पहिल्या तासात ती खर्च होते. ते एक युनिट पोटावर घ्या, मांडीवर नको. धावणाऱ्या पायात रक्तपुरवठा वाढतो आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

दुसरा मार्ग असा, की पाचला पोहेही नकोत आणि अ‍ॅस्पार्टही नको. उपाशीपोटी, फक्त रात्रीच्या ग्लार्जिनवर निघायचं आणि विसाव्या-पंचविसाव्या मिनिटापासून थोडं थोडं ग्लुकोज घ्यायला लागायचं. पहाटे अंगात जेवणाचं इन्सुलिन नसल्यानं शुगर बऱ्यापैकी स्थिर राहते. काहींची तर पहाटेच्या हार्मोन्समुळे थोडी वर जाते. मला हा मार्ग आठवड्यातल्या छोट्या धावण्यासाठी जास्त आवडतो. १६ किंवा २१ किलोमीटरला मात्र तुमच्यासाठी अर्धी-पाऊण वाटी पोहे आणि एक युनिट हेच मी आधी करून बघेन. ग्लार्जिन कोणत्याही परिस्थितीत बंद करायचं नाही. ते बंद केलं तर शुगर घसरणार नाही, पण इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं, म्हणजे कीटोन, वाढतील आणि ते जास्त धोक्याचं आहे.

हे वाचून येत्या रविवारी स्वतःच डोस बदलू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ते कसं बोलायचं ते खाली लिहिलं आहे.

आता तपासणी. तुम्ही निघताना एकदा बघता. १४० वर स्थिर असणं आणि १९० वरून घसरत १४० वर येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो एका आकड्यातून कळत नाही. म्हणून पाचला एक आणि निघायच्या दोन मिनिटं आधी दुसरी, अशा दोन तपासण्या करा. १२६ ते १८० असेल आणि खाली येत नसेल तर निघा. ९० ते १२५ असेल तर साधारण १० ग्रॅम ग्लुकोज घेऊन निघा. ९० च्या खाली असेल तर १५-२० ग्रॅम घ्या, थांबा, आणि वर गेल्याचं स्ट्रिपवर दिसल्याशिवाय निघू नका. १८० ते २७० मध्ये हळू वेगानं निघायला हरकत नाही, फक्त पहिला खुराक उशिरा घ्या. २७० च्या वर असेल आणि त्याला नुकतंच खाल्ल्याचं स्पष्ट कारण नसेल तर आधी कीटोन तपासा. रक्तातले कीटोन १.५ किंवा जास्त असतील तर त्या दिवशी धावणं नाही. ०.६ ते १.४ च्या मध्ये असतील तर आधी कारण शोधून दुरुस्त करा. रक्ताच्या कीटोन स्ट्रिप महाग पडत असतील तर लघवीच्या पट्ट्या घरात ठेवा. त्यावर ठळक रंग आला तर बूट काढून ठेवायचे.

आदल्या २४ तासांत दुसऱ्या कुणाची मदत लागेल इतकी शुगर खाली गेली असेल तर आकडे कितीही चांगले दिसोत, लाँग रन रद्द. एकदा शुगर खूप खाली गेली की पुढच्या वेळी शरीराची धोक्याची घंटा उशिरा आणि हळू वाजते. हा मुद्दा रात्रीबद्दल बोलताना पुन्हा लागेल.

धावताना काय घ्यायचं, याबद्दल आपल्याकडे गोंधळच फार. थरथर सुरू झाल्यावर खाणं हा उपचार झाला, इंधन नाही. इंधन घड्याळावर घ्यायचं. जेवणाचं इन्सुलिन कमी केलेलं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पुरतात. इन्सुलिन पूर्ण घेतलेलं असेल तर ७५ ग्रॅमपर्यंत लागू शकतात, आणि धावताना एवढं पोटाला सोसत नाही. डोस बदला म्हणतो ते यासाठीही. तुम्ही दर अर्ध्या तासाला १५ ग्रॅमपासून सुरुवात करा.

हे १५ ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन सपाट छोटे चमचे. अर्धा लिटर पाण्यात सहा चमचे आणि चिमूटभर मीठ घातलं की तासाभराचं काम होतं. याहून घट्ट केलं तर पोटात ढवळतं. एक वेलची केळं साधारण तेवढंच भरतं. जेल घेत असाल तर पाकिटावरचे ग्रॅम वाचा, बहुतेक २०-२५ असतात. बिस्किटं, चिक्की, पेढा हे धावताना नकोत. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गरज असते तेव्हा मिळत नाही आणि घरी पोचल्यावर सगळी एकदम दिसते. तुमच्या २४० मध्ये त्या बिस्किटांचा वाटा आहे. उरलेला वाटा शुगर खाली गेल्यावर सुटलेल्या अ‍ॅड्रेनलिनचा.

आणि ओआरएस. बऱ्याच धावपटूंना वाटतं, ओआरएस प्यायलं म्हणजे साखर मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लासभर प्यायलात तर तीन ग्रॅमही मिळत नाहीत. क्षारांसाठी ते उत्तम आहे, घसरणारी शुगर त्यानं सावरत नाही.

मध्ये मध्ये किती वेळा बघायचं? हातावर सेन्सर असेल तर दर १५-२० मिनिटांनी आकडा आणि बाण दोन्ही. सेन्सर रक्तात नाही, त्वचेखालच्या द्रवात मोजतो, त्यामुळे धावताना शुगर झपाट्यानं बदलत असेल तर तो काही मिनिटं मागे असतो. तो ८५ आणि खाली जाणारा बाण दाखवत असेल तर रक्तात ७० झालेले असू शकतात. अंगाला एक वाटतंय आणि सेन्सर दुसरं सांगतोय, तर बोटाची तपासणी खरी माना. सेन्सर कायम परवडत नसेल तर तयारीच्या महिन्यात एक-दोन सेन्सर लावा. दोन आठवड्यांतल्या दोन लाँग रनचा आणि रात्रींचा पूर्ण आलेख मिळतो. एरवी ग्लुकोमीटर कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा आणि अर्ध्या तासाला मिनिटभर थांबा. केळं किंवा जेल हाताळलेल्या बोटावर तपासलं तर स्ट्रिप खोटी जास्त शुगर दाखवते. हा घोटाळा रस्त्यावर हमखास होतो. पाण्यानं बोट धुवा, कोरडं करा, मग टोचा.

तुमचा रविवार नव्या पद्धतीनं कसा दिसू शकेल, ते बघू. पाचला १३२. अर्धी-पाऊण वाटी पोहे, एक युनिट. साडेपाचला १६५, हळूहळू वर जाणारी. निघा. सहाला १७८, ठरलेले १५ ग्रॅम घ्या. साडेसहाला १५०, पुन्हा १५ ग्रॅम. सातला १२२ आणि बाण खाली, म्हणजे इथे १५ ऐवजी २०-२५ ग्रॅम आणि वेग थोडा कमी. सव्वासातला पुन्हा बघा, ११८ आणि बाण आडवा. अर्धा तास आधीच थरथर व्हायची, आता तुम्ही अजून धावताय. साडेसातच्या पुढे शेवटचा किलोमीटर. संपवताना ११० च्या आसपास. सातला १९० दिसली असती तर एक खुराक सोडला असता आणि पंधरा मिनिटांनी परत बघितलं असतं. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे वेगळे येतील आणि म्हणूनच लिहून ठेवायचे.

तरीही ७० च्या खाली गेलीच तर थांबायचं. चालायचंही नाही. १५-२० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी तपासा, ९० च्या वर गेली आणि डोकं स्वच्छ असेल तरच पुढे. ५४ च्या खाली गेली असेल तर त्या दिवसाचं धावणं संपलं, रिक्षा करून घरी या.

धावणं संपल्यानंतरच्या वेळेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच रात्रीच्या तीनची तयारी होते. रिकामे झालेले स्नायू आणि यकृत साठा परत भरायला घेतात. त्यामुळे पुढचे २४ तास, कधी त्याहूनही जास्त, तेच इन्सुलिन जास्त काम करतं. धावून आल्यावर २४० दिसली म्हणून नेहमीचा दुरुस्तीचा डोस पूर्ण घेऊ नका. आधी अर्धा-पाऊण तास थांबा, कारण ती बऱ्याचदा आपोआप उतरते. घ्यायचाच असेल तर अर्धा. परतल्यावरच्या न्याहारीचं इन्सुलिनही साधारण निम्म्यापर्यंत कमी करावं लागतं.

रात्री तीनच्या ५८ ला दोन कारणं होती. एक, संवेदनशील झालेल्या शरीरावर ग्लार्जिन पूर्ण १८ युनिट. दुसरं, सकाळची ६२. सकाळी शुगर एकदा खाली गेली की त्या दिवशी शरीराची उलट प्रतिक्रिया बोथट होते. तुम्हाला घामानं जाग आली हे चांगलं झालं, पण दर वेळी येईलच असं नाही. म्हणून लाँग रनच्या रात्री ग्लार्जिन २० टक्के कमी, म्हणजे १८ चे साधारण १४, हा प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवा. झोपताना १२५ च्या खाली असेल तर कपभर दूध आणि एक पोळी, इन्सुलिनशिवाय. सुरुवातीच्या काही रविवारी रात्री दोनचा गजर लावून तपासा. सेन्सर असेल तर त्याचा लो अलार्म चालू ठेवा. रविवारी संध्याकाळी ग्रुपबरोबर बिअरचा बेत होत असेल तर त्या रात्री नको, कारण यकृत दारूत गुंतलं की नवी साखर बनवत नाही. डेग्लुडेक घेणाऱ्यांनी हा २० टक्क्यांचा हिशेब उचलू नये. ते इतकं लांब चालतं की त्या रात्री कमी केलेल्या डोसचा परिणाम त्या रात्री दिसत नाही.

"काळजी घ्या" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. ओपीडीत सात मिनिटं मिळतात आणि बहुतेक पेशंट "चालायला जाते" म्हणतात. तुम्ही कागद घेऊन जा. तीन रविवारचे आकडे वेळेसकट, काय खाल्लं, किती युनिट, किती किलोमीटर आणि त्या रात्रीची शुगर. आणि नेमके प्रश्न विचारा. पाचचं चार युनिट एक करू का? त्या रात्रीचं ग्लार्जिन १४ करू का? दुरुस्तीचा डोस निम्मा करू का? उत्तरं आकड्यांत लिहून घ्या. १४ वर्षांचा मधुमेह आहे, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली आहे का ते बघा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या असतील तर घाटातली जोराची चढण आधी नेत्रतज्ज्ञांना विचारूनच. पायांची संवेदना, लघवीतलं अल्ब्युमिन आणि एक ईसीजी हेही त्याच भेटीत. बेशुद्ध पडल्यास शुगर वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन मिळू शकेल का ते विचारा, आणि मिळालं तर ते कसं द्यायचं हे आईला शिकवा. "धावणं सोड" म्हणणाऱ्या आईच्या हातात काहीतरी करण्यासारखं आलं की तिची भीतीही थोडी आटोक्यात येते. खिशात मराठीतला कागद असू दे: टाइप १ मधुमेह, शुद्धीत असेन तर साखरपाणी द्या, बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

साताऱ्याबद्दल दोन गोष्टी. पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढतो आणि उरलेला उतरतो. चढताना जोर जास्त, अ‍ॅड्रेनलिन जास्त, त्यामुळे शुगर टिकून राहते किंवा वरही जाते आणि वाटतं, आता खुराक नको. तो सोडला तर बिल उतरणीवर येतं. घड्याळ सोडू नका. आणि सुरुवातीच्या रेषेवर, नुसत्या उत्सुकतेनं, २२०-२३० दिसू शकते. तिथे उभं राहून पूर्ण डोस टोचायचा मोह आवरा. सप्टेंबरात वर पाऊस असतो, तर मीटर आणि स्ट्रिप झिपच्या पिशवीत.

टाइप २ असलेल्या वाचकांनी वरचे युनिटांचे आकडे स्वतःला लावू नयेत. फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर धावताना शुगर खूप खाली जाण्याची शक्यता कमी. ग्लिमेपिराइड असेल तर जाऊ शकते आणि त्या सकाळच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायला हवं. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिघांची एकच गोळी खूप लिहिली जाते. व्होग्लिबोज घरातली साधी साखर आतड्यात फुटू देत नाही. त्यामुळे लो झाल्यावर साखरेचं पाणी, गोळ्या-चॉकलेट वेळेवर उपयोगी पडत नाहीत, ग्लुकोज पावडरच लागते. गोळीच्या पट्टीवरचं बारीक अक्षर आजच वाचा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी लांब पल्ल्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण त्यात शुगर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात.

एका रविवारी एकच गोष्ट बदला. आधी पाचचं युनिट, १० किलोमीटरवर, सोबत कुणीतरी असताना. ते जमलं की खुराकाची वेळ. रात्रीचं ग्लार्जिन मात्र डॉक्टर हो म्हणाले तर पहिल्याच लाँग रनपासून. ऑगस्ट संपेपर्यंत सलग तीन लाँग रन आणि त्या तिन्ही रात्री ७० च्या वर गेल्या तर साताऱ्याचं तिकीट काढा. नाही गेल्या तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे.